वजनाची रेघ चार आठवडे सपाट का? क्लायंटकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुमचा ग्राफ पाहिला. बारा आठवडे रेघ उतरत होती आणि आता महिनाभर ७० किलोवर आडवी पडली आहे. जिमला दांडी नाही, चालणं चुकत नाही, जेवणही ठरल्याप्रमाणे, असं तुमचं म्हणणं आहे. ते खरं धरूनच पुढची उत्तरं दिली आहेत. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. वय ४०, उंची १५६ सेंमी, सुरुवातीचं वजन ७६ किलो असलेली एक गृहिणी धरा. राहायला जुळे सोलापुरात, सकाळी कंबर तलावाकडे चालायला जाते, आठवड्यातून तीनदा जिम आणि दिवसाला साधारण १५०० कॅलरींचं जेवण.

मेहनत तेवढीच, जेवण तेवढंच. मग रेघ आडवी कशी झाली?

याची दोनच कारणं असू शकतात. एक म्हणजे चरबी कमी होतेच आहे, पण अंगात तेवढंच पाणी साठल्यामुळे काट्यावर ती घट दिसत नाही. दुसरं म्हणजे सुरुवातीला जेवण आणि खर्च यांच्यात जी तूट होती, ती आता जवळजवळ मिटली आहे. ग्राफवर दोन्ही अगदी सारखी दिसतात, आणि खरी अडचण तीच आहे. पहिल्या प्रकारात काहीही बदलायचं नसतं, दुसऱ्यात बदलावंच लागतं. कोणतं कारण आहे हे न तपासता जेवण निम्मं केलं, तर पहिल्या प्रकारात विनाकारण उपासमार होते.

पाणी असून असून किती असणार? महिनाभर चरबी झाकेल इतकं?

हो, सहज. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. आपल्या उदाहरणात आता रोज २८० कॅलरींची तूट आहे असं धरलं, तर आठवड्याला १९६० कॅलरी होतात, म्हणजे पाव किलो चरबी. चार आठवड्यांत एक किलो. निरोगी माणसाचं वजन मात्र एकाच दिवसात एक-दीड किलोने खालीवर होऊ शकतं. पाव किलोची घट शोधायची आणि काटा रोज किलोभर हलणारा, अशी ही गत आहे.

सुरुवातीला हे जाणवत नाही, कारण तेव्हा घट मोठी असते आणि पाणीही त्याच दिशेने जात असतं. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत दोन किलो उतरले, त्यात बराचसा वाटा पाण्याचा होता. भात-भाकरी-साखर कमी केली की स्नायूंतला आणि यकृतातला ग्लायकोजेन नावाचा साठा घटतो. या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही बाहेर पडतं. तो वेग पुन्हा येणार नाही, आणि यावा अशी अपेक्षाही ठेवू नका.

हे पाणी नेमकं कशामुळे साठतं?

मीठ हे पहिलं कारण. दवाखान्यात सलाईन लावतात त्यात लिटरभर पाण्याला ९ ग्रॅम मीठ असतं. शरीरातल्या पाण्याचा खारटपणाही साधारण तेवढाच राखला जातो. म्हणजे एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा साडेचार ग्रॅम मीठ जास्त गेलं आणि अंगात राहिलं, तर त्याच्यासोबत अर्धा लिटर पाणी थांबतं. साडेचार ग्रॅम म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. लग्नातलं जेवण, रविवारचा मटण रस्सा, वर पापड-लोणचं, एवढ्यात ते कधी पोटात जातं कळतही नाही. दोन-चार दिवस नेहमीचं जेवण झालं की मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात.

त्याच जेवणात भात, जिलेबी, शेंगापोळी असं काही भरपूर झालं असेल, तर ग्लायकोजेनचा साठाही भरतो. २०० ग्रॅम साठा वाढला तर त्याच्याबरोबर ६०० ग्रॅम पाणी, म्हणजे ८०० ग्रॅम वजन वाढलं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, संक्रांत आणि हुरडा एकापाठोपाठ येतात, तेव्हा रेघ दर चार दिवसांनी वर टेकून खाली येते आणि सगळा महिना सपाट दिसतो.

दुसरं कारण व्यायामाचं, आणि ते क्लायंटला पटवणं सगळ्यात अवघड जातं. नवा व्यायाम सुरू केला किंवा वजन वाढवलं की स्नायूंना सूक्ष्म इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. ही इजा भरून येताना त्या जागी पाणी ओढलं जातं. शिवाय व्यायामाची सवय लागलेला स्नायू ग्लायकोजेनही जास्त साठवतो. म्हणून नव्या स्क्वॅट्सच्या आठवड्यात काटा वर गेला तर तो व्यायामाचाच परिणाम आहे, जेवणाचा नव्हे. क्रिएटिन सुरू केलं असेल तर त्याने एक-दोन किलो पाणी वाढू शकतं, आणि ते बंद करेपर्यंत तसंच राहतं.

तिसरं कारण फक्त स्त्रियांसाठी. पाळीच्या आधीच्या आठवड्यात आणि पाळीच्या पहिल्या दिवसांत अनेकींचं वजन अर्ध्या किलोपासून दोन किलोपर्यंत वाढतं आणि नंतर आपोआप उतरतं. काहींचं मुळीच वाढत नाही. तुमचं किती वाढतं हे तुमच्याच दोन-तीन महिन्यांच्या नोंदीवरून कळतं.

बद्धकोष्ठ असेल तर तेही धरा. दोन दिवस पोट साफ झालं नाही तर काट्यावर अर्धा किलो सहज दिसतो.

काटाच चुकत असेल तर?

शक्य आहे, आणि हे सगळ्यात आधी तपासा, कारण दोन मिनिटांचं काम आहे. आपल्याकडे बऱ्याच घरांत शहाबादी फरशी असते. ती एकसारखी सपाट नसते, त्यामुळे काट्याच्या चार पायांपैकी एक अधांतरी राहतो आणि सरकवला की आकडा बदलतो. चारही पाय टेकतील अशी जागा शोधा, खडूने खूण करा आणि काटा तिथेच ठेवा. गादीवर, चटईवर किंवा सतरंजीवर काटा ठेवून घेतलेलं वजन नोंदवूच नका.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. काही डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि नवं वजन त्याच्या जवळपास असेल तर जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. सलग पाच दिवस दशांशासकट तोच आकडा आला तर संशय घ्या. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली हातात घेऊन काट्यावर उभ्या राहा, उतरा, बाटली ठेवून पुन्हा उभ्या राहा. फरक एक किलोच्या आसपास यायला हवा. तो आला, आणि पुढे अर्ध्या लिटरच्या बाटलीचाही फरक बरोबर आला, तर काटा ठीक आहे.

रोज वजन करावं की आठवड्यातून एकदा?

रोज, पण रोजच्या आकड्यावरून काही ठरवायचं नाही. आठवड्यातून एकदाच, समजा सोमवारी वजन केलं, तर रविवारचं मीठ दर वेळी त्या आकड्यात येतं आणि महिनाभर फसवत राहतं. सकाळी उठल्यावर, संडास-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत वजन करा. संध्याकाळच्या जिमनंतरचं वजन कमी भरतं, पण तो निव्वळ घाम असतो. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात तर तो आकडा अगदीच निरुपयोगी.

नोंद मोबाइलमधल्या शीटमध्ये ठेवत असाल तर A रकान्यात तारीख आणि B रकान्यात वजन लिहा. सातव्या दिवसाच्या ओळीत, C8 मध्ये, हे सूत्र टाका आणि खाली ओढा:

```
=AVERAGE(B2:B8)
```

ज्या दिवशी वजन केलं नाही तो कप्पा रिकामा ठेवा, शून्य लिहू नका. रिकामा कप्पा सरासरीत धरला जात नाही, शून्य मात्र धरलं जातं आणि ७० किलोची सरासरी एकदम ६० वर येते. ग्राफ C रकान्याचा काढा.

मग चरबी खरंच थांबली की पाण्याखाली दडली, हे ओळखायचं कसं?

चार आठवड्यांच्या अंतराने सरासरीची तुलना करा आणि सोबत कंबर मोजा. पाळी येत असेल तर दोन्ही आठवडे पाळीच्या चक्रात एकाच ठिकाणचे हवेत, म्हणजे पाळी संपल्यानंतरचा आठवडा आणि पुढच्या महिन्यातला पाळी संपल्यानंतरचाच आठवडा. चक्र २८ ऐवजी ३३ दिवसांचं असेल तर अंतरही तेवढंच धरा.

आपल्या उदाहरणातला १३ वा आठवडा पाळीनंतरचा होता. त्याची सरासरी ७०.१ आली. १४ व्या आठवड्यात ६९.९. १५ व्या आठवड्यात स्क्वॅट्स आणि लंजेस नव्याने सुरू झाले, पाय दुखले आणि सरासरी ७०.२ झाली. १६ वा आठवडा पाळीच्या आधीचा, ७०.१. ज्या दिवशी ट्रेनरला वैतागून मेसेज जातो तो दिवस बहुतेक याच आठवड्यातला असतो, कारण चार आकडे शेजारी ठेवले तर महिन्यात काहीच झालेलं दिसत नाही. १७ व्या आठवड्यात पाळी संपली, पायही दुखायचे थांबले आणि सरासरी ६९.१ वर आली. १३ आणि १७ या दोन आठवड्यांत बरोबर एक किलोचा फरक आहे, म्हणजे आठवड्याला पाव किलो. वर हिशेबाने काढला तोच वेग. त्या चार आठवड्यांत एकही आठवडा वाया गेला नव्हता.

कंबरेचं माप इथे साक्षीदार म्हणून उपयोगी पडतं. ते बेंबीच्या पातळीवर, उभं राहून, श्वास नेहमीसारखा सोडल्यावर घ्यायचं, पोट आत ओढायचं नाही. सकाळी वजनानंतर लगेच दोनदा घ्या आणि दोन्हींत एक सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. शिंप्याची कापडी टेप जुनी झाली की ताणली जाते, ती एकदा स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहा. वजन तेच पण कंबर ९२ वरून ९० झाली, तर चरबी उतरते आहे. वजनही तेच, कंबरही तीच, आणि चक्रातल्या त्याच जागेचे दोन आठवडे सारखेच, तर मात्र तूट मिटली आहे असं धरायचं.

चरबी जाऊन तेवढेच स्नायू वाढले असतील ना?

थोडेफार वाढले असतील. पण कमी जेवणावर असलेल्या बाईचे स्नायू आठवड्याला पाव किलो वाढत नाहीत. महिनाभराची सपाट रेघ फक्त स्नायूंनी समजावता येत नाही, कंबर उतरत नसेल तर मुळीच नाही.

जेवण तेच असताना तूट मिटते कशी?

सुरुवातीला ७६ किलोच्या शरीराचा दिवसाचा खर्च साधारण १९२० कॅलरी होता आणि जेवण १५०० चं, म्हणजे तूट ४२०. आता सहा किलो कमी वाहून न्यायचे आहेत. शरीर लहान झालं की बसल्या जागचा खर्चही घटतो आणि चालण्याचाही. वजन कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे दिवसाचा खर्च वीस-पंचवीस कॅलरींनी घटतो असं ढोबळमानाने धरतात. सहा किलोंचे झाले साधारण १४०. तूट ४२० वरून २८० वर आली, तुम्ही काहीही चुकलेलं नसताना.

२८० ची तूट चांगलीच आहे, रेघ उतरती ठेवायला पुरेशी आहे. पण तिच्यात आता लपवायला जागा उरलेली नाही. ४२० मधून १८० कॅलरी नकळत गळाल्या तरी आठवड्याला दोनशे ग्रॅमच्या वर उतरत होते. २८० मधून १८० गळाल्या की उरतात १००, म्हणजे आठवड्याला ९० ग्रॅम. एवढी घट कुठलाही घरगुती काटा महिनाभरात खात्रीने दाखवू शकत नाही.

पण खाणं वाढलेलंच नाही. १८० कॅलरी येतील कुठून?

ताटातल्या भाकरी वाढत नाहीत, कारण त्या मोजल्या जातात. जे मोजलं जात नाही ते वाढतं. सोलापुरी स्वयंपाकघरात पहिला संशय दोनच गोष्टींवर घ्यायचा, तेल आणि शेंगाचटणी.

पहिल्या महिन्यात चटणी सपाट छोटा चमचा, पाच ग्रॅम, सव्वीस-सत्तावीस कॅलरी. तिसऱ्या महिन्यात तोच चमचा दोन-तीनदा आणि शिगोशीग. किचनच्या काट्यावर ठेवून पाहा, २५ ग्रॅम निघते. शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, म्हणजे ही चटणी सव्वाशेच्या घरात गेली. इथेच शंभर वाढल्या. चटणीवर कच्चं तेल सोडत असाल तर छोट्या चमच्यामागे आणखी चाळीस. फोडणीत एका माणसामागे एक चमचा वाढला की ऐंशीला टेकलो, आणि १८० पूर्ण झाले.

तेलाचा हिशेब चमच्याने जमत नसेल तर पिशवीने करा. लिटरची पिशवी फोडली त्या दिवशी तिच्यावर मार्करने तारीख लिहा. चौघांच्या घरात ती दहा दिवस गेली तर माणशी रोज २५ मिली, म्हणजे साधारण २०५ कॅलरी. आठ दिवसांत संपली तर माणशी ३१ मिली, अडीचशेच्या वर. तळण केलं असेल तर उरलेलं तेल वजा करा. घरात वेगळा स्वयंपाक करायला सांगण्यापेक्षा हा हिशेब बरा, कारण त्यात कुणाच्या हातच्या चवीवर बोट ठेवलं जात नाही.

कडक भाकरीबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकू. ती हातात हलकी लागते म्हणून दोन जास्त कुस्करल्या जातात. वाळताना तिच्यातलं फक्त पाणी गेलं आहे, पीठ तेवढंच आहे. १०० ग्रॅम मऊ भाकरीपेक्षा १०० ग्रॅम कडक भाकरीत कॅलरी बऱ्याच जास्त असतात. भाकरी नेहमी पिठाच्या वजनावर मोजा. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी, मऊ असो की कडक, दोनशेच्या आसपासच भरते.

आणि खर्चाच्या बाजूने काही गळतं का?

गळतं, विशेषतः उन्हाळ्यात. जिमचा तास ठरलेला असतो, पण उरलेल्या तेवीस तासांतली हालचाल कमी होते. पारा ४० च्या वर गेला की दुपारी नवी पेठेत पायी जाणं बंद, गच्चीवर जाणं बंद, कोपऱ्यावरच्या दुकानालाही गाडी. कमी जेवणावर असलेलं शरीर आपोआपही कमी हलतं, बसलेला माणूस बसूनच राहतो. मोबाइलमधली पावलांची पहिल्या महिन्याची सरासरी आणि आताची शेजारी ठेवा. दोन हजार पावलं कमी झाली असतील तर ७० किलोच्या माणसाच्या साठ-सत्तर कॅलरी रोज कमी जळतात. मोबाइल मात्र दोन्ही महिन्यांत सारखाच जवळ बाळगलेला हवा. घरात तो चार्जिंगला असेल तर पावलं मोजली जात नाहीत.

मग आता जेवण १२०० वर आणू का? की काही दिवस जास्त खाऊन शरीराला धक्का देऊ?

दोन्ही नको. कमी खाल्ल्याने शरीर चरबी सोडायचंच बंद करतं, असं होत नाही. खर्च घटतो, पण तूट असेपर्यंत चरबी जातेच. धक्क्याचं म्हणाल तर जास्त खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी ग्लायकोजेन आणि पाणी वाढतं, चार दिवसांनी उतरतं, आणि त्या उतरण्याला लोक गुण आला म्हणतात.

थेट १२०० वर उडी मारली तर प्रथिनं आणि व्यायामाची ताकद आधी कमी होते, आणि तिसऱ्या आठवड्यात फरसाणाचा डबा उघडतो. आधी दोन आठवडे जेवण न बदलता फक्त मोजा, तेल पिशवीने आणि चटणी काट्यावर. बहुतेकदा गळती इथेच सापडते आणि मूळच्या १५०० वर परत आलं की पुरतं. गळती सापडली नाही आणि चार आठवड्यांची तुलना सपाटच राहिली, तर एकच बदल करा: एकतर जेवणातून १५० कॅलरी कमी, किंवा रोज वीस-पंचवीस मिनिटं जास्त चालणं आणि ७५ कॅलरी कमी. त्याच आठवड्यात नवा व्यायाम सुरू करू नका, नाहीतर पायांतलं पाणी पुन्हा सगळं झाकून टाकेल. मग परत चार आठवडे थांबून सरासरी पाहायची.

थायरॉईड तपासून घ्यावं का?

वजनाच्या जोडीला सतत थकवा, थंडी सोसत नाही, केस गळणं, पाळीत बदल असं काही असेल तर डॉक्टरांना विचारून टीएसएच करून घ्या. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मानसिक आजारांवरच्या काही गोळ्यांनी वजन वाढू शकतं. त्यापैकी काही सुरू झालं असेल तर ट्रेनरला सांगा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका.

दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले आणि सोबत पायांवर बोट दाबल्यावर खळगा राहतो, धाप लागते किंवा आडवं झाल्यावर श्वास अडतो, असं असेल तर ते या पानातलं पाणी नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुढच्या मेसेजमध्ये ट्रेनरला काय पाठवू?

फक्त ग्राफचा फोटो पाठवू नका. रोजच्या वजनाची शीट, पाळीच्या तारखा, दोन्ही टोकांच्या आठवड्यांतलं कंबरेचं माप, पावलांची दोन महिन्यांची सरासरी आणि तेलाच्या पिशवीवरची तारीख पाठवा. गेल्या चार आठवड्यांत जिममध्ये कोणता व्यायाम नवा आला, तेही एका ओळीत लिहा.